क्विझचे पाच मार्क आणि तारेचं बांधलेलं टोक

*ताई, मी मुंबईत फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावी राज्य मंडळातून केली. परवाच्या क्विझमध्ये स्टँडिंग वेव्हवर दहा मार्कांचा प्रश्न होता. १.२ मीटर लांबीची, दोन्ही टोकांना बांधलेली तार १५० हर्ट्झला तीन लूपमध्ये कंप पावते, अँटिनोडपाशी ॲम्प्लिट्यूड ४ मिमी. मग (अ) वेव्हचा वेग, (ब) स्टँडिंग वेव्हचं समीकरण, (क) एका टोकापासून १० सेंमीवर ॲम्प्लिट्यूड, (ड) त्याच टोकापासून १० आणि ३० सेंमीवरच्या बिंदूंमधला फेज डिफरन्स. माझी उत्तरं: १२० मीटर प्रति सेकंद; y = 4 cos(2.5πx) sin(300πt), २.८३ मिमी, π/2. वेग आणि ॲम्प्लिट्यूड मॉडेल आन्सरशी तंतोतंत जुळतात. तरी १० पैकी ५. (ब) ला ३ पैकी १, (ड) ला ३ पैकी ०. टीए सरांनी समासात फक्त "x = 0?" एवढंच लिहिलंय. मैत्रिणीचं (क) चं उत्तर माझ्यासारखंच आहे आणि तिला पूर्ण मार्क आहेत. मी मेल लिहून ठेवलाय: "सर, माझं उत्तर बरोबर असताना पाच मार्क का कापले? कृपया पेपर पुन्हा तपासावा." पाठवू का? की सर चिडतील आणि पुढच्या क्विझला त्याचा राग काढतील?*

*— पाचावर अडकलेली, मुलुंड*

मेल जरूर पाठव, पण लिहून ठेवलेला हा नको. त्याआधी पेपर पुढ्यात घेऊन बस आणि सरांनी समासात जे विचारलंय त्याचं उत्तर दे. "x = 0?" हा शेरा तुला तुटक वाटला असेल, पण तो एक नेमका प्रश्न आहे, आणि तुझ्या पाचही मार्कांचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

तुझ्या समीकरणात x = 0 घाल. cos 0 म्हणजे 1. म्हणजे x = 0 या जागी तुझी तार वरखाली ४ मिमी हलते आहे, आणि तीही पूर्ण जोरात, कारण याहून मोठा ॲम्प्लिट्यूड तारेत कुठेच नाही. पण ते तर बांधलेलं टोक आहे. ते हलूच शकत नाही. आता x = 1.2 घाल. cos 3π म्हणजे −1, म्हणजे दुसरं बांधलेलं टोकही तितकंच हलतंय. याच पानावर तू तीन लूपची आकृती काढली असशील, दोन्ही टोकांना चिमटलेली. त्या आकृतीत टोकापासून २० सेंमीवर पहिल्या लूपचं पोट आहे, अँटिनोड. तुझं समीकरण तिथे काय सांगतं? cos(0.5π), म्हणजे शून्य. आकृती म्हणते इथे तार सर्वांत जास्त हलते, समीकरण म्हणतं इथे ती हलतच नाही. तपासणाऱ्याला एकाच पानावर दोन वेगळ्या तारा दिसल्या, म्हणून त्याने प्रश्नचिन्ह टाकलं.

ही चूक तुझ्या एकटीची नाही. ट्यूटोरियलला राज्य मंडळातून आलेल्या मुलांच्या वहीत ती मला नेहमी भेटते, आणि तिचं मूळ मला ठाऊक आहे. बारावीच्या आपल्या पुस्तकात समोरासमोरून येणाऱ्या दोन सारख्या लहरींची बेरीज केली आहे, एक sin(ωt − kx) आणि दुसरी sin(ωt + kx). बेरीज येते 2 sin ωt cos kx. त्या सिद्धतेत माध्यम कुठे बांधलेलं आहे का, हा विषयच नसतो. दोन लहरी भेटल्या, एकमेकींवर चढल्या, स्थिर लहर तयार झाली, एवढंच तिथे दाखवायचं असतं. त्या मांडणीत x = 0 पाशी अँटिनोड येतो आणि ते तिथे चालून जातं. एनसीईआरटीच्या पुस्तकात लहरी थोड्या वेगळ्या घेतल्या आहेत, म्हणून तिथे sin kx cos ωt येतं. दोन्ही पुस्तकांची बेरीज बरोबरच आहे. पण यातली कुठली लहर *तुझ्या* तारेची, हे पुस्तक ठरवत नाही, तारेचं टोक ठरवतं.

ते कसं ठरवतं ते एकदा हातानं करून बघ, कारण बहुतेक (ब) मधले दोन मार्क इथेच आहेत. x = 0 या टोकाकडे डावीकडे येणारी लहर घे: sin(ωt + kx). ती बांधलेल्या टोकावर आदळते आणि परतते. परतताना ती उलटी होते, म्हणजे शिखर गेलं तर दरी परत येते. हे उलटणं नसतं तर त्या टोकाला येणारी आणि जाणारी लहर मिळून दुप्पट हलवलं असतं. ते हलू शकत नाही म्हणूनच परतणारी लहर उलटी असावी लागते. तर परतणारी लहर −sin(ωt − kx). आता बेरीज कर:

```
sin(ωt + kx) + sin(ωt − kx) = 2 sin ωt cos kx    (टोक मोकळं)
sin(ωt + kx) − sin(ωt − kx) = 2 cos ωt sin kx    (टोक बांधलेलं)
```

सगळा फरक त्या एका उणे चिन्हात आहे. पहिली ओळ तुझी, दुसरी तुझ्या तारेची. अपेक्षित उत्तर y = 4 sin(2.5πx) cos(300πt) असणार. k आणि ω तू बरोबर काढलेस. तीन लूप १.२ मीटरमध्ये, म्हणजे एक लूप ४० सेंमी, म्हणजे तरंगलांबी ८० सेंमी, म्हणून k = 2π/0.8 = 2.5π. सरांनी दिलेला एक मार्क त्याचाच असावा. आणखी एका गोष्टीत तू घसरली नाहीस, तीही सांगते: अँटिनोडचा ४ मिमी तू जसाच्या तसा घेतलास. बरीच मुलं सूत्रातला 2A बघून ते ८ करून टाकतात. स्थिर लहरीचा अँटिनोड ४ मिमी असेल तर येणारी आणि जाणारी प्रत्येक लहर २ मिमीची आहे.

आता तुझ्या मुख्य तक्रारीकडे येऊ. समीकरण चुकलं तर २.८३ बरोबर कसं आलं? तुझ्या मेलचा सगळा जोर या एका आकड्यावर आहे, म्हणून इथे जरा थांबू. तरंगलांबी ८० सेंमी, आणि प्रश्नात विचारलेला बिंदू टोकापासून १० सेंमीवर, म्हणजे तरंगलांबीच्या बरोबर आठव्या भागावर. तिथे kx होतं 0.25π, म्हणजे ४५ अंश. आणि ४५ अंशाला साइन आणि कोसाइन सारखेच, दोन्ही ०.७०७. म्हणून बरोबर समीकरणातूनही २.८३ मिमी येतो आणि चुकीच्या समीकरणातूनही. प्रश्न काढणाऱ्याने १० ऐवजी ५ सेंमी विचारलं असतं तर बरोबर उत्तर १.५३ मिमी आलं असतं आणि तुझं ३.७० मिमी. टोकाच्या जवळ जावं तसा ॲम्प्लिट्यूड कमी होत गेला पाहिजे. तुझ्या समीकरणात तो वाढत जातो. १० सेंमी ही अशी जागा आहे जिथे वाढत जाणारी आणि घटत जाणारी रेघ एकमेकींना छेदतात, आणि प्रश्नाने नेमकी तीच जागा निवडली.

सरांनी (क) चे दोन मार्क तुला पूर्ण दिलेत. मैत्रिणीच्या आणि तुझ्या पेपरात (क) चा आकडा एक आहे, तर मार्कही सारखेच मिळाले आहेत. फरक पडला तो (ब) आणि (ड) मध्ये, आणि तिच्या समीकरणात बहुधा साइन असणार. त्यामुळे "उत्तर बरोबर असताना मार्क कापले" हे वाक्य तुझ्या पेपराला लागू पडत नाही. जिथे उत्तर बरोबर होतं तिथे मार्क मिळाले आहेत. आणि "पेपर पुन्हा तपासावा" असं लिहिलंस तर सगळाच पेपर पुन्हा उघडतो, त्यात (क) सुद्धा आलं. चुकीच्या समीकरणातून आलेल्या बरोबर आकड्याला पूर्ण मार्क द्यावेत का, यावर तपासणाऱ्यांत दोन मतं असतात. मला विचारशील तर ते दोन मार्क तुझ्याकडेच राहावेत असं मला वाटतं, कारण (ब) मध्ये त्या चुकीचे मार्क एकदा गेले आहेत आणि एकाच चुकीसाठी दोनदा कापणं मला पटत नाही. पण तो निर्णय त्यांचा आहे. म्हणून मेलमध्ये सगळ्या पेपराबद्दल बोलू नकोस, नेमक्या जागेबद्दल बोल.

एक पळवाट तुला सुचेल, किंवा कुणीतरी सुचवेल, म्हणून आधीच सांगते. प्रश्नात आरंभबिंदू कुठे घ्यायचा ते दिलेलं नाही, मग मी तो तारेच्या मध्यावर घेतला असं म्हणू का? कल्पना मुळात चुकीची नाही. तीन लूपच्या तारेच्या मध्यावर, टोकापासून ६० सेंमीवर, मधल्या लूपचा अँटिनोड येतो. तिथून अंतर मोजलं तर समीकरण खरोखरच cos(2.5πx) असं येतं, फक्त चिन्ह बदलतं, आणि x = ±0.6 या दोन्ही टोकांना ते शून्य होतं. म्हणजे कोसाइन हे काही निषिद्ध फल नाही. पण तसं असतं तर "टोकापासून १० सेंमी" म्हणजे मध्यापासून ५० सेंमी, आणि (क) मध्ये तू 0.5 घातलं असतंस. तू 0.1 घातलंस. तुझा आरंभबिंदू टोकालाच होता हे तुझ्याच हस्ताक्षरात पानावर आहे. तेव्हा हा मुद्दा मांडू नकोस. हे शिकण्यासारखं आहे म्हणून शिक, मार्कांसाठी वापरू नकोस.

जिथे तुला खरोखर विचारायला जागा आहे ती गोष्ट मात्र तू मेलमध्ये लिहिलीच नाहीस. (ब) मध्ये दोन मार्क गेले. मॉडेल आन्सरमध्ये sin kx आणि cos ωt आहे, तुझ्याकडे cos kx आणि sin ωt. दोन्ही घटक वेगळे दिसतात. समजा सरांनी एक मार्क kx च्या घटकासाठी कापला आणि एक ωt च्या घटकासाठी, तर पहिला कापणं योग्य आहे, दुसरा नाही. कारण t = 0 ला तार कुठे होती हे प्रश्नात सांगितलेलंच नाही. घड्याळ कधी सुरू करायचं ते आपल्या हातात आहे. तार पूर्ण ताणलेल्या आकारात असताना सुरू केलं तर cos ωt येतं, सरळ रेषेतून जाताना सुरू केलं तर sin ωt. y = 4 sin(2.5πx) sin(300πt) असं कुणी लिहिलं तर तेही या तारेचं पूर्ण बरोबर समीकरण आहे. जागेवर अट घालणारी टोकं आहेत, वेळेवर अट घालणारं प्रश्नात काहीच नाही. हे दोन मार्क एकाच चुकीसाठी कापले असतील तर तसंही होऊ शकतं, सीमेची अट पाळणं हाच या भागाचा मुख्य मुद्दा म्हणून. पण विभागणी कशी केली हे विचारण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. शिवाय हा प्रश्न फक्त तुझ्यापुरता नाही. एक प्रश्न सहसा एकच टीए सगळ्यांचा तपासतो. sin ωt साठी मार्क कापले गेले असतील तर ते वर्गातल्या आणखी मुलांचेही गेले असणार, आणि असा मुद्दा समजणारा टीए सगळ्यांचे दुरुस्त करतो.

आता (ड). इथे तुझे तीनही मार्क गेले आणि मला वाटतं यातला घोळ (ब) पेक्षा खोल आहे. π/2 कुठून आला ते पाहू. दोन बिंदूंतलं अंतर २० सेंमी, त्याला k ने गुणलं: 2.5π × 0.2 = 0.5π. हे सूत्र धावणाऱ्या लहरीचं आहे. धावणारी लहर एका बिंदूवर आधी पोचते, पुढच्या बिंदूवर उशिरा, म्हणून पुढचा बिंदू मागच्याचीच हालचाल थोड्या वेळाने करतो, आणि जितकं अंतर जास्त तितका तो मागे. स्थिर लहरीत कुणी कुणाच्या मागे नसतं. समीकरण बघ: वेळ फक्त cos ωt मध्ये आहे आणि तो घटक तारेवरच्या प्रत्येक बिंदूला तोच आहे. x फक्त एवढंच ठरवतो की तो बिंदू किती हलणार आणि कुठल्या बाजूला. एका लूपमधले सगळे बिंदू एकाच क्षणी वर जातात, एकाच क्षणी मध्यरेषा ओलांडतात, एकाच क्षणी खाली पोचतात. शेजारच्या लूपमध्ये सगळं उलट. म्हणून स्थिर लहरीत फेज डिफरन्स एकतर शून्य किंवा π, मधलं काही नाही.

१० सेंमी आणि ३० सेंमी दोन्ही पहिल्या लूपमध्ये आहेत, जो ० पासून ४० सेंमीपर्यंत पसरलाय. २० सेंमीवरच्या अँटिनोडच्या दोन बाजूंना, सारख्याच अंतरावर. sin(0.25π) आणि sin(0.75π) दोन्ही +0.707. फेज डिफरन्स शून्य.

या भागात एक गोष्ट मला खटकली, आणि ती मी तुला मायेनंच सांगते. तुझ्या स्वतःच्या समीकरणातून π/2 येत नाही. cos(0.25π) धन आहे, cos(0.75π) ऋण, म्हणजे तुझ्या समीकरणाप्रमाणे उत्तर π आलं असतं. तेही चुकीचंच, पण ते मागच्या चुकीतून सरळ पुढे आलेलं असतं, आणि तसं असतं तर "(ब) मधली चूक पुढे आली, पण पुढची पद्धत बरोबर आहे, त्याचे काही मार्क द्याल का?" असं विचारता आलं असतं. बरेच तपासणारे ते देतात. तू मात्र (ड) सोडवताना (ब) कडे पाहिलंच नाहीस, दुसऱ्याच प्रकरणातलं सूत्र उचललंस. तेव्हा (ड) साठी मार्क मागू नकोस. तिथे समजून घे.

मेल कसा असावा ते आता सांगते. तुला सर चिडतील अशी भीती आहे. टीए बहुतेक वेळा तुझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठा पीएचडीचा विद्यार्थी असतो. त्याच्यापुढे पेपरांचा गठ्ठा आणि कोर्स घेणाऱ्या प्राध्यापकांनी दिलेली मार्किंग स्कीम असते. "का कापले?" या मेलला त्याला उत्तर द्यायला तुझा पेपर शोधून पहिल्या ओळीपासून वाचावा लागतो. नेमका प्रश्न विचारणारा मेल त्याला दोन मिनिटांत सोडवता येतो, आणि असा मेल वाचून कुणी राग धरल्याचं मी पाहिलेलं नाही. तू तो इंग्रजीत लिहिशील, मजकूर साधारण असा ठेव:

> विषय: क्विझ २, स्टँडिंग वेव्हचा प्रश्न, भाग (ब) आणि (ड), रोल नंबर अमुक
>
> नमस्कार सर,
>
> तुमच्या "x = 0?" या शेऱ्यावरून मी उत्तर पुन्हा पाहिलं. माझ्या समीकरणात cos(2.5πx) आहे, त्यामुळे बांधलेल्या टोकाला ॲम्प्लिट्यूड ४ मिमी येतो, आणि तो शून्य हवा. तिथे sin(2.5πx) हवं होतं हे मला कळलं.
>
> (ब) मध्ये ३ पैकी १ मार्क आहे. उरलेले दोन मार्क कशासाठी होते ते सांगाल का? यातला काही भाग sin(300πt) साठी गेला असेल तर मला एक शंका आहे: प्रश्नात t = 0 ची स्थिती दिलेली नसल्यामुळे sin ωt आणि cos ωt दोन्ही चालावेत असं मला वाटतं. माझं यात काही चुकत असेल तर सांगा.
>
> (ड) मध्ये मी धावणाऱ्या लहरीचं kΔx वापरलं. दोन्ही बिंदू एकाच लूपमध्ये असल्यामुळे उत्तर शून्य यायला हवं, हे बरोबर आहे का?
>
> त्या पानाचा फोटो जोडला आहे. ट्यूटोरियलनंतर भेटलेलं चालणार असेल तर तसंही येईन.

एवढंच. मैत्रिणीचे मार्क यात आणू नकोस. तिचा पेपर तिचा आहे, आणि तुलना आली की बोलणं तारेवरून निघून माणसांवर जातं. प्राध्यापकांना कॉपी ठेवू नकोस; पहिल्याच मेलला वरच्यांना कॉपी केली की समोरच्याला ती तक्रार वाटते, शंका नाही. फोटो पूर्ण पानाचा असू दे, समास आणि शेऱ्यासकट, आणि पेपर हातात आल्यावर त्यावर पेनानं एक अक्षरही लिहू नकोस, टिपणंसुद्धा नाहीत. नंतर खाडाखोड कुणी केली असा प्रश्न निघाला तर बरोबर मुद्दाही बाजूला पडतो.

तुमच्याकडे पेपर दाखवण्याची आणि शंका विचारण्याची ठरलेली वेळ असेल, मुंबईत काही ठिकाणी मुलं त्याला क्रिब सेशन म्हणतात, तर आधी ती मुदत बघ. ती संपायच्या आत मेल गेला पाहिजे, कारण मुदतीनंतर टीएला पटलं तरी मार्क बदलायची परवानगी त्याच्याकडे नसू शकते. दोन-तीन दिवस उत्तर आलं नाही तर पुन्हा मेल करण्यापेक्षा ट्यूटोरियलला जाऊन भेट. फळ्यावर तीन लूप काढून विचारलेला प्रश्न मेलपेक्षा लवकर सुटतो. (ब) च्या विभागणीबद्दल टीएचं आणि तुझं मत जुळलं नाही, आणि तुला अजूनही वाटलं की sin ωt साठी मार्क जायला नकोत, तरच प्राध्यापकांकडे जा, आणि टीए सरांना तसं आधी सांगून जा.

विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत शिकणाऱ्यांसाठी थोडं वेगळं आहे. अंतर्गत परीक्षा असेल तर वर सांगितलेलं सगळं तुमच्या सरांना किंवा मॅडमना लागू पडतं. विद्यापीठाची परीक्षा असेल तर तपासणारा कोण हे तुम्हाला कळत नाही. तिथे उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवणं आणि मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, हाच रस्ता आहे, आणि त्याला फी आणि मुदत दोन्ही असतात. अशा वेळी प्रत हातात आल्यावर अर्ज करण्याआधी हीच तपासणी स्वतः करा: समीकरणात दोन्ही टोकं घाला, आकृतीतल्या एका अँटिनोडची जागा घाला, आणि पानावरच्या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात का ते बघा. भांडत असतील तर फीचे पैसे वाचवा.

ज्यांचा प्रश्न तारेऐवजी हवेच्या नळीवर होता त्यांनी एक गोष्ट जास्त पाहायची. एका बाजूने बंद असलेल्या नळीत बंद टोकाला हवेचे कण हलू शकत नाहीत, म्हणून कणांच्या विस्थापनाचा तिथे नोड. पण दाबाचा तिथे अँटिनोड असतो, कारण हवा भिंतीवर दाबली जाते आणि विरळ होते. उघड्या टोकाला बरोबर याच्या उलट. म्हणजे बंद टोकाला x = 0 धरलं तर विस्थापनासाठी sin kx आणि दाबासाठी cos kx, आणि दोन्ही बरोबर. उत्तरात तुम्ही कशाबद्दल लिहिताय हे शब्दांत लिहिलं नसेल तर तपासणारा प्रश्नात जे विचारलं होतं तेच धरणार. नळीच्या प्रश्नात मार्क गेले असतील तर आधी प्रश्नपत्रिका उघडून विस्थापन विचारलं होतं की दाब, ते पाहा, मगच मेल लिहा.

आणि पाचावर अडकलेली, मेल पाठवण्याआधी तुझ्या या तारेवर आणखी एक करून बघ: १० आणि ७० सेंमीवरच्या बिंदूंमधला फेज डिफरन्स. kΔx वापरलंस तर 1.5π येईल. लूप मोजलेस तर ७० सेंमी दुसऱ्या लूपमध्ये पडतो, ४० ते ८० च्या, म्हणजे उत्तर π. sin(1.75π) काढ, ते −0.707 येतं का बघ. ते जुळलं की मेलमधला (ड) बद्दलचा प्रश्न काढून टाक, तिथे "मला कळलं" एवढं लिही, आणि फक्त (ब) चं विचार.